बिर्याणीचा दम: खाली करपणं आणि वर कच्चं राहणं, दोन्हींचं मूळ एकच

प्रश्न: “एक किलो चिकन आणि पाऊण किलो बासमतीची कच्ची दम बिर्याणी करते. थर लावून, झाकण लावून दहा मिनिटं मोठ्या गॅसवर ठेवते, मग खाली तवा सरकवून सिमवर वीस मिनिटं. दर वेळी तळाचा मसाला करपतो आणि वरचा भात टचटचीत राहतो. एकदा भात जास्त शिजवून घेतला तर गोळा झाला. पातेलं साधं स्टीलचं आहे. थर कसे लावावेत, झाकण कणकेनं बंद करावं की फॉइलनं, तवा कधी ठेवावा आणि उतरवल्यावर किती वेळ थांबावं?”

खाली आच जास्त झाली म्हणून करपलं आणि वर आच कमी पडली म्हणून कच्चं राहिलं, असं वाटणं साहजिक आहे. पण दमाला लावलेल्या पातेल्यात वरच्या भाताला आच अशी लागतच नाही, त्याला लागते ती फक्त वाफ. ही वाफ तळाच्या चिकन-दह्याच्या पाण्याची असते. तळाचं पाणी उकळतं, वाफ भातातून वर चढते, झाकणाला लागून पुन्हा पाणी होते आणि खाली झिरपते. हे चक्र सुरू झालं की शितं शिजतात. आता तुमच्या पद्धतीत काय होतं ते बघा. पातळ बुडाच्या पातेल्याखाली थेट मोठी ज्योत असते, त्यामुळे बर्नरच्या गोलावर तेवढाच मसाला सुकतो आणि लागतो. आजूबाजूचं चिकन अजून नीट तापलेलंही नसतं. मग वाफ वरपर्यंत पोचायच्या आतच तुम्ही खाली थंड तवा सरकवता आणि गॅस सिम करता. तवा तापायलाच निम्मा वेळ जातो. म्हणजे करपलं ते एका जागी साठलेल्या आचेनं आणि कच्चं राहिलं ते वाफ धरायच्या आधीच आच काढून घेतल्यामुळे.

मी नांदेडची. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आमच्याकडे बिर्याणी म्हणजे बहुतेक वेळा कच्च्या गोश्तची. मी घरगुती ऑर्डरी घेते, त्यात घरच्या गॅसवर आणि मोठ्या भट्टीवर, दोन्हीकडे दम देते. खाली लिहिलेलं सगळं तुमच्याच मापाला धरून आहे: एक किलो चिकन, पाऊण किलो तांदूळ, साधा घरगुती गॅस. पातेलं, बर्नर आणि तांदूळ बदलला की मिनिटं बदलतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी घड्याळासोबत ओळखायची खूणही सांगते. दोहोंत फरक पडला तर खुणेवर विश्वास ठेवा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण कच्ची करतोय की पक्की? लखनौकडच्या पक्क्या पद्धतीत मांस आधीच शिजलेलं असतं. तिथे दमाचं काम एवढंच, की भाताची उरलेली कणी मोडावी आणि वास एकमेकांत मुरावा. त्याला मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. कच्च्यात त्याच बंद पातेल्यात चिकन अगदी कच्च्यापासून शिजायचं असतं, म्हणून आधी जोराची आच आणि मग लांब मंद आच, असे दोन टप्पे लागतात. तुमची वीस मिनिटं बहुधा एखाद्या पक्क्या बिर्याणीच्या कृतीतून आली असावीत. कच्च्या चिकनला ती कमी आहेत.

आता थर. भांडं उंच नको, पसरट हवं. एक किलो चिकनचे तुकडे तळाशी एकाच थरात मावले पाहिजेत. त्यासाठी साधारण दहा-अकरा इंच रुंदीचं पातेलं लागतं. तुकडे एकावर एक चढले की खालचे जास्त शिजून सुटतात आणि वरचे हाडापाशी गुलाबी राहतात. सगळं भरल्यावर पातेलं दोन तृतीयांशाच्या आसपास भरलेलं असावं, म्हणजे भात आणि झाकण यांच्यामध्ये दोनेक इंच मोकळी जागा राहते.

तळाला दोन चमचे तूप फिरवा, कडेलाही बोटभर उंचीपर्यंत लावा. चिकन फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. गारढोण चिकन घातलं तर पहिली सगळी आच ते तापवण्यातच जाते आणि तेवढ्या वेळात तळ लागतो. दही घट्ट हवं, पाव किलोच्या आसपास. पाणीदार दह्यानं तळाशी रस्सा साचतो आणि खालचा भात त्यात बुडून मऊ पडतो. उलट दही फार कमी घातलं तर वाफेला पाणीच नाही. चिकन स्वतःचं पाणी सोडतं, त्यामुळे वरून पाणी घालायची गरज सहसा पडत नाही. मात्र तळलेला कांदा आणि वाटण तळाशी ढीग करून ठेवू नका. कांद्यातली साखर सगळ्यात आधी करपते, आणि जाडसर वाटण तळाला चिकटलं की त्याखालून पाणी फिरत नाही. मसाला तुकड्यांना चोळलेला असावा, आणि तळाशी आधी तुकडे लागावेत. हाडाची बाजू खाली ठेवली तर उत्तम. कुस्करलेला कांदा अर्धा मॅरिनेशनमध्ये मिसळून आणि उरलेला भातावर, एवढं पुरे.

बरेच जण चिकन-भात-चिकन-भात असे थर लावतात. पक्क्या बिर्याणीत ते चालतं, शोभतंही. कच्च्यात नाही. वरच्या थरातलं कच्चं चिकन नुसत्या वाफेवर उशिरा शिजतं आणि त्याचं पाणी खालच्या भातात गळतं. गोळा व्हायचं हे एक मोठं कारण आहे. कच्च्यात चिकन सगळं खाली, भात सगळा वर.

पण तो भात दोन वेगवेगळ्या शिजवणीचा हवा, आणि तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग इथेच सुटतो. खालचा भात चिकनच्या अगदी लगत असतो, त्याला रसही मिळतो आणि पहिली वाफही. वरच्या भाताला उरलेली वाफ मिळते, तीही उशिरा. सगळा भात सारखाच शिजवून घातला तर एकतर खालचा मऊ होणार, नाहीतर वरचा टचटचीत राहणार. तुमच्या दोन्ही वेळच्या तक्रारी या एका गोष्टीत बसतात.

करायचं असं. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. मोठ्या पातेल्यात चार लिटरच्या आसपास पाण्याचं आधण ठेवा, त्यात तीन मोठे चमचे मीठ. पाणी चाखून चांगलं खारट लागलं पाहिजे, कारण भातात मीठ जायची हीच एक वेळ आहे. पाणी खळखळा उकळत असताना तांदूळ घाला. पुन्हा उकळी फुटली की तिथून मिनिटं मोजा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक शीत काढून दोन बोटांत दाबा. ते दाबताना तीन-चार तुकड्यांत मोडलं आणि आत पांढरी कडक कणी स्पष्ट दिसली, तर तो निम्म्याहून थोडा जास्त शिजला आहे. या वेळी झाऱ्यानं निम्मा भात उचलून थेट चिकनवर पसरा. उरलेला उकळत राहू द्या. आणखी दोन मिनिटांनी पुन्हा शीत दाबा. आता ते सहज दबेल, मधोमध टोचणारा एक बारीक ठिपका राहिलेला असेल. तो भात ताबडतोब काढून वरच्या थराला घ्या. जुना तांदूळ असेल तर एखादं मिनिट जास्त लागेल, नवा असेल तर कमी. नव्या तांदळाची बिर्याणी शक्यतो करूच नका, त्याची शितं लवकर चिकटतात.

भात चाळणीत वेळून, पंख्याखाली मोकळा करून मग थर लावायची पद्धत आहे. पक्क्या बिर्याणीला ती ठीक आहे. कच्च्यात मी भात झाऱ्यावर तीन-चार सेकंद निथळून लगेच घालते. त्याच्यासोबत येणारं थोडं खारट पाणी आणि त्याची उष्णता, दोन्ही वाफेच्या कामाला येतात. गार भात वर घातला तर खालून आलेली पहिली वाफ त्यालाच तापवण्यात संपते. शिवाय ती वाफ गार शितांवर पाणी होऊन बसते आणि भात बाहेरून ओला, आतून कच्चा असा होतो. म्हणून चिकनचा थर तयार असल्याशिवाय तांदूळ आधणात टाकूच नका.

भात पसरायचा, दाबायचा नाही. हातानं किंवा उलथन्यानं सपाट करायचा मोह होतो, पण शितांमधल्या फटींतूनच वाफ वर येणार आहे. मध्ये थोडा उंच आणि कडेला उतरता राहिला तरी चालेल. दोन थरांच्या मध्ये थोडा पुदिना, कोथिंबीर, तळलेला कांदा. वरच्या भातावर केशर घातलेलं पाव वाटी गरम दूध चमच्यानं ठिकठिकाणी, आणि दोन चमचे तूप. दूध एकाच जागी ओतलं तर तिथला भात मऊ पडतो. झाऱ्याच्या दांड्यानं भोकं पाडायची काहींना सवय असते. भात मोकळा टाकला असेल तर त्याची गरज नाही. थर पाच-सहा इंचांपेक्षा जाड झाला असेल तर मात्र चार-पाच भोकं उपयोगी पडतात.

झाकणाकडे वळू. कणीक की फॉइल, याचं उत्तर तुमचं झाकण पातेल्यावर किती नीट बसतं यावर आहे. नीट बसत असेल तर फॉइलचे दोन पदर तोंडावर ताणून, कडेनं घट्ट दुमडून, वर झाकण दाबून ठेवलं तरी काम होतं. झाकण डुगडुगत असेल तर कणीकच हवी, कारण ती वेडीवाकडी फट भरून काढते. चपातीच्या कणकेपेक्षा किंचित सैल भिजवा आणि अंगठ्याएवढी जाड वळी करा. पातेल्याची कड कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तिथे तूप किंवा दुधाचा थेंब राहिला की कणीक धरत नाही, आणि नेमकी तिथूनच वाफ जाते. वळी कडेवर बसवून झाकण दाबा, मग ओल्या बोटांनी बाहेरून लिंपून घ्या. झाकणाला वाफेचं छिद्र असेल तर तेही कणकेच्या गोळीनं बुजवा. काचेच्या झाकणात हे छिद्र बहुतेक वेळा असतं आणि हमखास विसरतं. कणीक शिजून कडक होते तेव्हा तिला बारीक तडा जातो. तिथून वाफ दिसली तर ओल्या कणकेचं ठिगळ लावा. स्फोट वगैरे होण्याची भीती बाळगू नका, दाब वाढला तर कणीकच आधी सुटते.

मी स्वतः एक गोष्ट नेहमी करते. वळी पूर्ण गोल न लिंपता एका ठिकाणी करंगळी जाईल एवढी फट मोकळी ठेवते. मोठ्या आचेवर त्या फटीतून आधी काही येत नाही, मग ओलसर उबारा येतो, आणि मग एका क्षणी वाफेची सरळ, जोरदार धार सुटते. त्या धारेला पुदिन्याचा आणि केशराचा वास असतो, कच्च्या मसाल्याचा नाही. वाफ सगळ्या भातातून वर आली, याची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही. ती धार वीस-तीस सेकंद टिकली की फट कणकेनं बंद करायची आणि गॅस कमी करायचा. फॉइल वापरत असाल तर झाकणाच्या मधोमध पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. ते वाफाळून भराभर आटू लागले तर वाफ वरपर्यंत पोचली. नुसते कोमट होऊन पसरले, तर अजून नाही.

झाकणावर वजन ठेवायचं ते खलबत्त्याचं ठेवण्यापेक्षा उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा. भट्टीवर झाकणावर निखारे टाकतात ते याच कारणानं. झाकण गरम राहिलं की त्याखाली पाणी कमी जमतं, वरचा भात ओलाचिंब होत नाही आणि वरूनही थोडी आच मिळते. घरी निखारे शक्य नाहीत, पण उकळतं पाणी शक्य आहे.

आता तवा आणि ज्योत. तवा आच कमी करत नाही, ती पसरवतो आणि सावकाश पोचवतो. बर्नरची आच एका कड्यात लागते, तवा ती सगळ्या बुडाला वाटून देतो. जाड बुडाची हंडी हेच काम स्वतः करते, म्हणून तिला सुरुवातीला थेट ज्योतीवर ठेवता येतं आणि तवा नंतर मंद आचेच्या वेळी देता येतो. तुमच्या स्टीलच्या पातेल्याला मात्र तवा पहिल्यापासून हवा, आणि तो आधीच तापलेला हवा. भात उकळायला घातलात की दुसऱ्या मोठ्या बर्नरवर तवा मध्यम आचेवर चढवा. थर लावून होईपर्यंत तो चांगला तापतो. तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी, सपाट. डोशाचा असेल तर उत्तम. चपातीच्या खोलगट तव्यावर पातेलं फक्त कडेवर टेकतं आणि मध्ये हवा राहते. तेवढाच असेल तर चालवून घ्या, पण पहिल्या टप्प्याला चार-पाच मिनिटं जास्त धरा आणि पातेलं डुलत नाही ना, ते बघा. नॉनस्टिक तवा नको, रिकामा इतका वेळ तापवला तर त्याचा लेप खराब होतो.

तुमच्या मापाला पहिला टप्पा असा: तापलेल्या तव्यावर पातेलं, मोठ्या बर्नरची ज्योत मोठी, साधारण बारा ते पंधरा मिनिटं, म्हणजे वर सांगितलेली वाफेची धार येईपर्यंत. तव्यातून आच जायची असल्यानं थेट ज्योतीपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि या वेळी घाईनं सिम करणं हीच बहुतेकांची चूक असते. धार आली की फट बंद, गॅस सिमवर, आणि दुसरा टप्पा पंचवीस ते तीस मिनिटं. तवा तापलेला असल्यामुळे सिम केल्यावरही काही मिनिटं तो चांगली आच देत राहतो. म्हणून धार आल्यावर आणखी दोन-चार मिनिटं मोठा गॅस राहू द्यावा, असं करू नका.

सिम म्हणजे किती, हा प्रश्न खरा आहे, कारण प्रत्येक शेगडीचं सिम वेगळं. लहान बर्नरचं अगदी बारीक सिम तव्याखाली ठेवलं तर कधीकधी ते इतकं कमी पडतं की आतली उकळी थांबते आणि चिकन नुसतं कोमट रसात बसून राहतं. म्हणून दुसरा टप्पाही मोठ्या बर्नरवरच, त्याच्या कमीत कमी ज्योतीवर करा, आणि पातेल्याच्या बुडाजवळ, चटका बसणार नाही इतक्या अंतरावर, कान नेऊन ऐका. सावकाश, जाडसर बुडबुड ऐकू येते आहे तोवर तळाशी पाणी आहे आणि वाफ चालू आहे. काहीच ऐकू येत नसेल तर ज्योत किंचित वाढवा. बुडबुड जाऊन चरचर सुरू झाली, म्हणजे पाणी संपून तूप तापायला लागलं. तेव्हा वेळ झाली असेल तर लगेच बंद करा. वेळ बाकी असेल तर ज्योत आणखी कमी करून पाच मिनिटांत उतरवा. तळाशी पाणी आहे तोवर तळ उकळत्या पाण्याहून फारसा जास्त तापत नाही, म्हणून करपतही नाही. पाणी संपलं की तिथला ताप झपाट्यानं चढतो. करपल्याचा वास वर येतो तेव्हा उशीर झालेला असतो, चरचर त्याच्या आधी ऐकू येते.

मटणाला हेच सगळं लागू आहे, फक्त वेळ नाही. कोवळं बकरं, किलोला एक मोठा चमचा कच्च्या पपईचं वाटण आणि रात्रभर मुरवलेलं असेल तर वाफेची धार आल्यावर तासभर मंद आच धरा. त्या तासात वरचा भात जास्त शिजणार, म्हणून दोन्ही थर एकेक पायरी कमी शिजवून घ्या. मटण जून असेल तर कच्च्याचा हट्ट सोडून ते आधी शिजवून घेतलेलं बरं. भात आणि जून मटण एकाच वेळी होणं कठीण.

गॅस बंद केल्यावर पातेलं तव्यावरून उतरवा आणि लाकडी पाटावर किंवा जाड फडक्यावर ठेवा. तुमचं पातेलं पातळ असल्यानं हे महत्त्वाचं आहे, कारण या वेळी तळाशी पाणी अगदी थोडं उरलेलं असतं आणि तापलेला तवा बंद गॅसवरही ते आटवू शकतो. बिडाच्या तव्यावर तसंच राहिलेलं पातेलं उतरवल्यानंतर लागल्याचं मी पाहिलं आहे. जाड हंडी असेल आणि आत बुडबुड चालू असताना गॅस बंद केला असेल, तर तव्यावर राहिली तरी हरकत नाही.

आता पंधरा ते वीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. मटणाला वीस-पंचवीस. या वेळात आतली उकळी शमते, भातावर आणि झाकणाखाली फिरणारी वाफ शितांत शोषली जाते, आणि तळाचा पातळ रस चिकनला आणि खालच्या भाताला धरतो. गॅस बंद केल्या केल्या उघडलं तर ती सगळी वाफ एका झोतात निघून जाते. वरची शितं बघता बघता कोरडी पडतात, आणि भात इतका नाजूक असतो की वाढताना लांब शितांचे तुकडे होतात. वरचा भात किंचित टचटचीत राहिल्यासारखा वाटत असेल तर याच वेळात तो होऊन जातो. तुमच्या वीस मिनिटांच्या दमानंतर तुम्ही लगेच उघडत असाल, तर कच्चेपणात त्याचाही वाटा आहे. मात्र तास-दीड तास बंद ठेवणंही बरोबर नाही. झाकण गार होऊ लागलं की त्याखाली पाणी जमून वर गळतं आणि खालचा भात रस पिऊन फुगतो. जेवणाला उशीर होणार असेल तर वीस मिनिटांनी कणीक फोडून झाकण बोटभर कलतं करा, वाफ जाऊ द्या, मग स्वच्छ फडकं घालून पुन्हा झाका. चिकन असल्यामुळे कोमट अवस्थेत तासन् तास ठेवू नका. उशीर फार होणार असेल तर गरम तव्यावर बारीक ज्योतीवर गरम राहू द्या.

कणीक सुरीनं कापून झाकण उघडताना झाकणाची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. झाकण आडवं न ठेवता उभं करून बाजूला न्या, नाहीतर त्यावरचं पाणी भातावर पडतं. नीट दम बसलेला असेल तर वरची बरीच शितं उभी किंवा तिरपी दिसतील, एकमेकांवर पसरलेली नाहीत, आणि पातेलं हलकेच हलवलं तर ती सुटी सरकतील. सपाट झारा किंवा बशी कडेनं थेट तळापर्यंत घालून उभा काप उचला. ढवळू नका. पहिलाच तुकडा हाडापाशी उघडून बघा. रस स्वच्छ असावा, लालसर नसावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड तुकड्यात ७४ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे.

आणि उघडल्यावर काही कमी पडलेलं दिसलं तर? वरचा भात टचटचीत असेल तर त्यावर तीन-चार मोठे चमचे उकळतं पाणी कडेकडेनं शिंपडा, फॉइलनं पुन्हा बंद करा, तापलेल्या तव्यावर पाच मिनिटं मध्यम, दहा मिनिटं मंद, आणि दहा मिनिटं विसावा. चिकन हाडापाशी गुलाबी असेल तरी हेच, फक्त मंद आच पंधरा मिनिटं, आणि नंतर तुकडा पुन्हा तपासा. तळाशी रस्सा साचलेला दिसला तर झाकण अर्धवट उघडं ठेवून तव्यावर पाच-सात मिनिटं मध्यम आच द्या. करपल्याचा वास आला तर खरवडू नका, हलवू नका. वरचा भात आणि वरचे तुकडे लगेच दुसऱ्या गरम भांड्यात काढून घ्या, तळाचा थर तिथेच सोडून द्या. तो वास वर चढायला वेळ लागत नाही.

परदेशात कॉइलच्या शेगडीवर करणाऱ्यांसाठी एक सोय आहे. पहिला टप्पा शेगडीवर करून वाफ धरली की ओव्हनला चालणारं बंद पातेलं १८० अंश सेल्सिअसवर तापलेल्या ओव्हनमध्ये तीस-पस्तीस मिनिटं ठेवा. तिथे आच सगळीकडून लागते, तवा लागत नाही. इंडक्शनवर मात्र तवा आणि पातेलं दोन्ही घेऊन प्रयोग करू नका. तिथे लोखंडी तवाच तापतो, पातेलं नाही, आणि त्याचा ताप आवरणं अवघड जातं. इंडक्शनला जाड बुडाचं, चुंबक धरणारं भांडंच घ्यावं.

पुढच्या वेळी माप दुप्पट करायचं ठरलं तर वेळ दुप्पट करू नका, पातेलं रुंद करा. दोन किलोला पहिला टप्पा वीस-बावीस मिनिटांपर्यंत जाईल, कारण तेवढं सगळं तापवायला वेळ लागतो. मंद आचेचा वेळ चार-पाच मिनिटांनीच वाढतो. पण पातेलं बर्नरपेक्षा फार मोठं झालं की तवाही कडेपर्यंत आच पोचवू शकत नाही, आणि कडेचं चिकन मागे राहतं. तेव्हा दर आठ-दहा मिनिटांनी पातेलं तव्यावर थोडं सरकवून वेगवेगळी कड मध्यावर आणावी लागते. दोन किलोच्या वर घरच्या गॅसवर मी एकच मोठं पातेलं लावत नाही, दोन बर्नरवर दोन वेगळी लावते.